१८ ग्रॅम आत, १८ ग्रॅम बाहेर, तरी कॉफी कालची

प्रश्न: "घरी ५५ मिमी फ्लॅट बरचा ग्राइंडर आहे, मूळचा वर बीन्सचा हॉपर असलेला. मी हॉपर न भरता रोज सकाळी १८ ग्रॅम बीन्स मोजून टाकतो. बाहेर कधी १७.२ येतात, कधी १८.६. पूड सगळीकडे उडते, कपाच्या बाहेरूनच जास्त चिकटते. पहिला शॉट भराभर वाहतो आणि सपाट लागतो, दुसरा बरा येतो. हवा मारायचा बेलोज लावू की सरळ सिंगल डोसचा नवा ग्राइंडर घेऊ?"

पिठाच्या गिरणीत रांगेतली एखादी काकू हमखास विचारते, "माझं उपासाचं दळण आहे, आधी काय दळलंत?" तिला ठाऊक असतं की गिरणीच्या पोटात आधीच्या गिऱ्हाइकाचं मूठ-दोन मूठ पीठ बसलेलंच असतं. पाच किलो दिले, पाच किलो परत आले, वजन चोख. पण सुरुवातीची मूठ दुसऱ्याची आलेली असते आणि आपली शेवटची मूठ मागे राहिलेली असते. तुमच्या ग्राइंडरमध्ये हेच चाललंय. फरक इतकाच, की रांगेत तुमच्या आधी काल सकाळचे तुम्हीच उभे होता.

म्हणून १७.२ आणि १८.६ या आकड्यांमागे लागू नका. समजा उद्यापासून रोज नेमके १८.० बाहेर यायला लागले, तरी पहिला शॉट सपाटच लागू शकतो. काट्याला फक्त किती आलं ते कळतं, कुठलं आलं ते कळत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ग्राइंडरांचे मालक बहुतेक वेळा इथेच फसलेले असतात. "माझं रिटेन्शन शून्य आहे, जेवढं टाकतो तेवढंच येतं," असं सांगतात. मी वरचा बर, म्हणजे दळणारी दातेरी चकती, काढतो आणि आतून अडीच-तीन ग्रॅम पूड कागदावर झटकून दाखवतो.

आत साठणाऱ्या पुडीचे, म्हणजे रिटेन्शनचे, दोन भाग धरा. एक मेलेला साठा. बरच्या कक्षाचे कोपरे, स्क्रूंची डोकी, वरच्या बरच्या मागची जागा, इथे पूड दाबून बसते आणि आठवडे हलत नाही. दुसरा फिरता साठा. बर फिरताना पंखे पुडीला ढकलत च्यूटच्या, म्हणजे पूड बाहेर पडायच्या वाटेच्या, तोंडाशी नेतात. पंखा आणि भिंत यांच्यामधली फट, च्यूटचा घसा आणि तोंडाशी असलेली जाळी किंवा रबराची पाकळी यांत जी पूड थांबते, तिला पुढे ढकलायला मागून नवी पूड यावी लागते. बीन्स संपले की ढकलणारं कोणी उरत नाही. ती तिथेच रात्र काढते आणि सकाळी तुमच्या कपात उतरते. चवीचं नुकसान मुख्यतः हा दुसरा साठा करतो.

मेलेला साठा रोज त्रास देत नाही. कधीतरी त्याचा एखादा पापुद्रा सुटतो आणि तुमचा १८.६ चा दिवस उगवतो. वरचा ०.६ ग्रॅम आकाशातून पडलेला नसतो. काही आधीच्या दिवसांचा उरलेला असतो, काही कोपऱ्यातून सुटलेला. हा कोपऱ्यातला माल गडद रोस्टच्या तेलात भिजलेला आणि काही आठवड्यांचा असेल तर नाकालाच कळतं, जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास येतो.

तुमच्या यंत्रात दोन्ही मिळून किती आहे ते मला इथून सांगता येणार नाही. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांत मी फरक पाहिलाय, कारण पंखे झिजतात, कोणीतरी जाळी काढून टाकलेली असते. पण घरी मोजता येतं. गेल्या आठवड्यात तुमच्यासारखाच एक ५५ मिमीवाला माझ्या टेबलावर होता. त्याचं जसं मोजलं तसंच सांगतो.

प्लग काढून वरचा बर उघडला. आधी सेटिंगच्या रिंगवर मार्करने खूण केली, नाहीतर जुळवायला अर्धा पाव कॉफी जाते. कक्ष, बर आणि च्यूट ब्रशने आणि लाकडी टूथपिकने साफ केला. पाणी अजिबात नाही. बंद करून १८.० ग्रॅम टाकले, १५.३ आले. परत १८.० टाकले, १७.७ आले. तिसऱ्यांदा १८.० टाकले तर १८.१ आले. म्हणजे पोट भरलं. आत राहिले २.७ आणि ०.३, त्यातून ०.१ परत आला, एकूण २.९ ग्रॅम. इथून पुढे वजन महिनाभर छान जुळत राहील आणि मालक खूश राहील.

मग बदल किती होतो ते पाहिलं. यासाठी एक गडद, जवळजवळ काळा रोस्ट आणि एक फिका रोस्ट लागतो. गडद बीन्सचे दोन डोस दळून पोट काळ्या पुडीने भरलं. नंतर १८ ग्रॅम फिके बीन्स टाकले आणि बाहेर येणारी पूड एका कपात न घेता सहा वाट्यांत घेतली, प्रत्येकी साधारण तीन ग्रॅम. प्रत्येक वाटीतली चिमूट पांढऱ्या कागदावर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबून पसरली. पहिल्या वाटीत जवळजवळ निम्मी पूड काळी होती. दुसरीत पाच-सहा भागांत एक भाग काळा. तिसरीत इकडेतिकडे काळे ठिपके. चौथीपासून शोधावं लागत होतं. हा नजरेचा अंदाज आहे, प्रयोगशाळा नव्हे. शिवाय गडद पूड जास्त तेलकट आणि जास्त चिकट, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. पण बेरीज केली तर २.९ पैकी सुमारे २.२ ग्रॅम फिरता साठा निघाला. १८ च्या डोसात २.२ ग्रॅम कालचा. आठातला एक भाग.

आता आठातला एक भाग कालचा असला म्हणून इतकं काय बिघडतं? काय पिता यावर आहे. रोज दूध घालून मोठा लाटे पीत असाल तर प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेकांना कळणार नाही, आणि हे सगळं वाचायचीही गरज नाही. काळी कॉफी किंवा एस्प्रेसो पिणाऱ्याला दोन ठिकाणी कळतं.

पहिलं ठिकाण नाक. अख्ख्या बीनमध्ये वास आणि भाजताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी कोंडलेला असतो. एका बीनचे एस्प्रेसोसाठी हजारो कण केले की सगळं उघड्यावर येतं. हलके, उडून जाणारे सुगंध आधी जातात. वायूचाही बराचसा भाग मिनिटांत निघून जातो. रात्रभरात उरतो तो जड, कडवट भाग आणि हवा लागलेलं तेल. सकाळच्या ताज्या पुडीत हे मिसळलं की कॉफी वाईट लागत नाही, मंद लागते. तुम्ही "सपाट" हा शब्द वापरलात, तो अगदी बरोबर आहे. फोडणी संध्याकाळची आणि वरण सकाळचं, तसं काहीसं.

दुसरं ठिकाण शॉटचा वेग. ताज्या पुडीतला वायू पाण्याला थोडा विरोध करतो. शिळ्या पुडीत तो उरलेला नसतो, म्हणून पाणी लवकर निसटतं. तुमचा पहिला शॉट भराभर वाहतो त्याचं एक कारण हे. यंत्र आणि पोर्टाफिल्टर नीट तापले नसतील तर तेही कारण असू शकतं, त्यामुळे सगळा दोष ग्राइंडरवर ढकलायच्या आधी मशीनला पुरेसा वेळ द्या आणि पुन्हा पाहा.

खरा घोळ यापुढे होतो. पहिला शॉट २१ सेकंदांत संपला की माणूस काय करतो? ग्राइंडर एक खूण बारीक करतो. आता दुसऱ्या डोसात सुरुवातीचे दोन ग्रॅम जुन्या सेटिंगचे आणि बाकीचे नव्या. शॉट २६ ला येतो. "अजून थोडं" म्हणत आणखी एक खूण बारीक. तिसऱ्यात जवळजवळ सगळी पूड बारीक आणि ताजी येते आणि शॉट ४० सेकंदांवर अडकतो. मग उलटा प्रवास सुरू. कोथरूडचे एक गृहस्थ यात महिनाभर अडकले होते आणि माझ्या रोस्टला शिव्या घालत होते, "तुमच्या बॅचमध्ये सातत्य नाही." मी त्यांना एवढंच सांगितलं की आठवडाभर सेटिंगला हात लावायचा नाही आणि सकाळी पहिले तीन ग्रॅम दळून टाकून द्यायचे. आठव्या दिवशी फोन आला तो पुढच्या ऑर्डरचा. शिव्यांचा विषय दोघांनीही काढला नाही.

आता उडणाऱ्या पुडीकडे येऊ. ती वेगळी अडचण वाटते, पण रिटेन्शनशी तिचं सख्खं नातं आहे.

बीन फुटताना आणि कण एकमेकांवर, धातूवर घासताना त्यांच्यावर विद्युत भार चढतो. थंडीत स्वेटर काढताना केस उभे राहतात, तेच हे स्टॅटिक. भारित कण च्यूटच्या भिंतीला चिकटतात, कपाला बाहेरून चिकटतात, आणि हलका भुसा, म्हणजे बीनवरचं पातळ साल, सगळ्यात लांब उडतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे जोशुआ मेंडेझ हार्पर यांनी सहकाऱ्यांसोबत हे मोजलं आणि २०२३ च्या डिसेंबरात 'मॅटर' या नियतकालिकात मांडलं. त्यातलं आपल्या कामाचं एवढं: बीन कुठल्या देशाचा किंवा कसा प्रक्रिया केलेला यापेक्षा त्यात ओलावा किती उरलाय हे महत्त्वाचं. गडद रोस्ट जास्त कोरडा, म्हणून त्यात भार जास्त. दळण जितकं बारीक, तितका भार जास्त. आणि दळण्याआधी बीन्सना किंचित पाणी लावलं की भार खूपच उतरतो.

आता यातली गोम. च्यूटच्या तोंडाशी जी बारीक जाळी किंवा पाकळी असते, ती कारखान्यात विसरून राहिलेली वस्तू नाही. ती पुडीला जरा अडवते, कण एकमेकांवर दाबले जातात, भार थोडा उतरतो, आणि पूड शिस्तीत खाली पडते. म्हणजे तुमच्या ग्राइंडरने स्टॅटिक आवरायला थोडं रिटेन्शन मुद्दाम पत्करलेलं आहे. कॅफेत ते खपून जातं. तिथे दर दोन-तीन मिनिटांनी शॉट निघतो, त्यामुळे अडकलेली पूडही दोन-तीन मिनिटांचीच असते. सकाळी दुकान उघडताना एक-दोन डोस दळून टाकले की दिवसभर तो प्रश्न येत नाही. तुम्ही तेच यंत्र चोवीस तासांत एकदा-दोनदा चालवता. यंत्र चांगलंच आहे, पण ते गर्दीसाठी बनवलेलं आहे.

व्हिडिओ बघून लोक ती जाळी उपटून टाकतात. रिटेन्शन खरंच अर्ध्या-एक ग्रॅमने कमी होतं, पण पूड फवाऱ्यासारखी उडते आणि ओटा पुसण्यात सकाळ जाते. पाणी लावायची सवय आधी लागली असेल तरच जाळी काढा. नुसती काढू नका.

पाणी लावायची पद्धत अगदी साधी. डेव्हिड रॉस यांच्या नावावरून तिला रॉस ड्रॉपलेट टेक्निक म्हणतात. १८ ग्रॅम बीन्स वाटीत मोजा. अत्तराच्या छोट्या फवाऱ्याने एक झोत मारा आणि वाटी दोनदा हलवा. फवारा नसेल तर चमच्याचा दांडा पाण्यात बुडवा, झटका, आणि त्या ओल्या दांड्याने बीन्स ढवळा. बीन्स ओले दिसता कामा नयेत, फार तर चमक कमी झाल्यासारखी वाटेल. लगेच दळा. रात्री पाणी लावून ठेवू नका.

जास्त पाण्याचं काय होतं ते मी स्वतः करून बसलोय. सुरुवातीच्या काळात एका जुलैमध्ये, पुण्याचा भर पावसाळा, मी उत्साहात तीन-तीन झोत मारत होतो. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी मोटर नुसती घुमली, बाहेर काहीच येईना. उघडलं तर च्यूटच्या वळणात पुडीचा घट्ट गोळा, सुकलेल्या शेणासारखा. स्क्रूड्रायव्हरने फोडून काढावा लागला. बरच्या कडेवर गंजाचा पुसट ठिपकाही दिसला. तेव्हापासून पावसाळ्यात मी झोत मारतच नाही. हवेतच इतकी ओल असते की स्टॅटिक आपोआप कमी असतं, आणि खरी अडचण पूड च्यूटमध्ये चिकटून बसण्याची होते. हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात मात्र एक झोत लागतोच. नागपूर, जळगाव, सोलापूरकडे राहत असाल तर मार्चपासूनच लागेल. ऋतूप्रमाणे बदलायची गोष्ट आहे ही. व्हिडिओत सांगितलं म्हणून बारा महिने एकच मात्रा लावू नका.

आणखी एक फुकटची युक्ती. दळून झाल्यावर कप लगेच ओढू नका. अर्धा मिनिट तसाच ठेवा. भार आपोआप बराच उतरतो आणि भिंतीला चिकटलेली पूड टिचकीने खाली पडते. कप प्लॅस्टिकचा असेल तर स्टीलचा घ्या. घरातला आमटीचा छोटा पेलाही चालतो.

आता बेलोज. हॉपरच्या जागी बसणारा रबराचा भाता. दाबला की हवेचा झोत कक्षातून च्यूटकडे जातो. त्याच टेबलावरच्या यंत्रात दळून झाल्यावर पाच वेळा दाबला तर २.९ पैकी १.१ ग्रॅम बाहेर आला. म्हणजे फिरता साठा साधारण अर्धा झाला. स्वस्तात मिळणारा हा चांगला फायदा आहे, त्यामुळे हो, लावा. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

तो दर वेळी दळून संपताच, मोटर चालू असताना दाबायचा, म्हणजे आजची पूड आजच्याच कपात जाते. आदल्या रात्री दाबून साठा काढून टाकला तर सकाळी तेवढं पोट पुन्हा भरतं आणि तुमचा डोस एक ग्रॅमने कमी येतो. दुसरं, आवाज बदलेपर्यंत थांबा. बीन्स दळत असताना जोरात दाबलं तर हलके तुकडे वर उडतात. तिसरं, दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी विसरलात, तर वजन पुन्हा नाचायला लागेल. तुमचा १७.२ ते १८.६ चा नाच बहुधा असल्याच विसंगतीतून येतोय. कधी ग्राइंडरला चापट मारता, कधी नाही, असं काही आहे का ते आठवून बघा.

भाता लावून आणि कालचा साठा अर्धा करूनही एक ग्रॅमच्या आसपास उरतोच. तो घालवायचा म्हणजे पर्ज. सकाळी पहिले ३ ग्रॅम बीन्स दळा, भाता दाबा, जे आलं ते कुंडीत टाका, मग खरा डोस. वाट्यांच्या चाचणीत तुम्ही पाहालच की कालच्या पुडीचा मोठा हिस्सा पहिल्या तीन ग्रॅममध्येच निघून जातो. पुढचे तीन ग्रॅम टाकून मिळणारा फायदा फारच थोडा असतो, त्यामुळे मी सहा ग्रॅम वाया घालवायला सांगत नाही. अपवाद एकच: सेटिंग बदललीत किंवा बीन्स बदललेत, तर त्या दिवशी पाच-सहा ग्रॅम जाऊ द्या आणि मगच शॉटचा वेळ खरा माना.

हॉपरच्या यंत्रात एकेक डोस टाकल्याने होणारी एक जादा अडचण सांगायची राहिली. वर बीन्सचं वजन नसतं, त्यामुळे शेवटचे दहा-पंधरा बीन्स बरवर लाह्यांसारखे उडत राहतात. ते हळूहळू, वेगळ्या चालीने दळले जातात. भरलेल्या हॉपरवर जमवलेली सेटिंग म्हणूनच चालत नाही. मला अशा यंत्रांवर थोडं बारीक करावं लागतं. बीन्सवर ठेवायचं वजन मिळतं, ते बसवलं तर उड्या कमी होतात. पण ते आणि भाता एकत्र बसत नाहीत, एक निवडावं लागतं. तुमची तक्रार शिळेपणाची आहे, म्हणून मी भाता निवडेन.

नवा ग्राइंडर घ्यायचा का, याचं उत्तर हिशेबावर सोडतो. दिवसाला ३ ग्रॅम म्हणजे महिन्याला ९० ग्रॅम बीन्स कुंडीत. पाव किलोला ६०० रुपये मोजत असाल तर ग्रॅमला २ रुपये ४० पैसे, महिन्याला २१६ रुपये, वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. चांगल्या इलेक्ट्रिक सिंगल डोस ग्राइंडरला याच्या कित्येक पट पैसे लागतात. फक्त पैसे वाचवायला तो घेऊ नका. अर्थात कॉफी फेकायचा ज्यांना जीव होत नाही असे लोक मला माहीत आहेत, माझी आई त्यातलीच. ती पर्जची पूड डब्यात साठवते आणि संध्याकाळी दूध-साखर घालून उकळते. हिशेब तिथेच मिटतो.

नवा घेण्याला अर्थ आहे तो तुम्ही दिवसात दोन-तीन वेगवेगळे बीन्स पीत असाल, किंवा सकाळी एस्प्रेसो आणि दुपारी पोअर ओव्हर करत असाल तर. मग दर बदलाला पाच-सहा ग्रॅम जातात आणि डोकंही जातं. असे ग्राइंडर मुळापासून वेगळे असतात: बीन्स उभे खाली पडतील किंवा कक्ष तिरका असेल, च्यूट आखूड, वळण नाही. तरीही शून्य रिटेन्शन या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, वाट्यांची चाचणी त्यांच्यावरही करा. आणि फक्त दुपारच्या पोअर ओव्हरसाठी हवा असेल तर चांगला हातग्राइंडर घ्या. त्यात पूड सरळ खाली पडते, अडकायला जागाच जवळजवळ नसते, आणि तुमच्या ५५ मिमीवाल्याची एस्प्रेसोची सेटिंग कधीच हलवावी लागत नाही. माझ्या घरी गेली काही वर्षं हीच व्यवस्था आहे.

सफाईचं थोडक्यात. च्यूटचं तोंड आठवड्यातून एकदा ब्रशने, वरचा बर महिन्यातून एकदा काढून. गडद, तेलकट रोस्ट पीत असाल किंवा पावसाळा असेल तर दर पंधरा दिवसांनी. बर परत बसवताना चुडीमध्ये, म्हणजे स्क्रूच्या आट्यांमध्ये, पूड राहिली तर बर तिरका बसतो आणि मग तुम्ही दुसऱ्याच आजाराच्या मागे लागता. तांदूळ दळून सफाई करायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा फार कडक असतो. त्याने अडकलेल्या मोटरी मी उघडल्यात.

सफाईनंतरच्या पहिल्या डोसात दोन-अडीच ग्रॅम कमी येतील. घाबरून सेटिंग हलवू नका, पोट भरतंय एवढंच. तो डोस प्यायचा नाही असं ठरवूनच दळा. वाट्यांची चाचणी या रविवारी केलीत तर काळे ठिपके कितव्या वाटीपर्यंत दिसले ते कळवा. तिसरीपर्यंत थांबले तर वर लिहिलंय तेवढं पुरेल. पाचवीतही दिसत असतील तर पंखे झिजलेत, आणि मग भात्याआधी ते बदलायला लागतील.